रवा न धरलेलं तूप

माझं लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा सासरी तुपाचा धंदा होता. सासरे बार्शीकडच्या खेड्यांतून लोणी आणायचे, सासूबाई आणि मी ते कढवायचो आणि पेठेतले एक शेठ तूप घ्यायचे.

लोणी कढताना सासूबाई चुलीपासून हलत नसत. आधी फेस यायचा, मग तडतड सुरू व्हायची. लोण्यात पाणी असेपर्यंत सगळी आच ते पाणी आटवण्यातच जाते. तडतड थांबली की तूप खूप तापतं आणि तळाशी बसलेली बेरी, म्हणजे दुधाचा उरलेला अंश, त्यातल्या साखरेसकट भाजून तांबूस होते. तुपाचा खमंग वास त्यातूनच येतो. पण क्षणभर जास्त राहिली तर करपते आणि तूप कडू होतं. सासूबाई नेमक्या वेळी पातेलं उतरवत.

एकदा शेठजींनी एका गिऱ्हाइकाच्या लग्नासाठी घाईनं तूप मागितलं. तूप एरवी रात्रभर चुलीजवळ गोणपाटात गुंडाळून निवायचं. त्या दिवशी मात्र डबे आम्ही हौदाच्या गार पाण्यात ठेवले. तूप भराभर थिजलं, पण मलमासारखं गुळगुळीत; रवा धरलाच नाही.

शेठजींनी ते परत पाठवलं. रवा नाही म्हणजे यात विलायती वनस्पती तूप मिसळलंय, असा निरोप आला.

सासरे जाऊन हात जोडून आले. एकदा घरी येऊन बघा, म्हणाले. सासूबाईंनी तेच तूप पुन्हा वितळवलं, गोणपाटात गुंडाळलं आणि त्याला कुणाला हात लावू दिला नाही. सावकाश निवताना तुपातला घट्ट भाग जमून मोठे दाणे धरतो. घाईनं निवलं, की दाण्यांना वाढायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी शेठजी आले तेव्हा डब्यात टपोरा रवा होता.

"बगा की शेठजी," सासूबाई म्हणाल्या, "तेच तूप हाय."

शेठजींनी चिमटीत रवा चोळला. मग म्हणाले, "बाई, आता डब्यातल्या विलायती तुपालाही असाच रवा असतो. मी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. शेठजी तूप न घेताच गेले.

बातमी पेठेत पसरली, दुसऱ्या कुणी तूप घेतलं नाही. सासऱ्यांनी लोणी आणायला जाणं बंद केलं. सासूबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागल्या. तिथं दिवसभर कापसाची धूळ उडायची. त्यांना खोकला जडला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

परत आलेलं तूप आम्ही घरीच खाल्लं. सासूबाईंनी त्याला बोटही लावलं नाही. मी एकदा त्यांच्या भाताला वाढायला गेले, तर ताट बाजूला सारून म्हणाल्या, "नगं. तुमी खावा."