मार्चची वाढ

चिकलठाण्यातल्या छोट्या ऑफिसात सुकेशनी पाण्याच्या टँकरच्या फेऱ्यांचे, पुरावा म्हणून काढलेले फोटो सांभाळायची. फोटो साठवायचा टीमचा ऑनलाइन प्लॅन दोनशे जीबीचा होता. फेब्रुवारीअखेर एकशेचाळीस भरले होते आणि दरमहा पंधराची भर पडत होती. जूनअखेर जागा संपेल, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मार्चमध्ये मात्र चारच जीबी वाढले. दुष्काळात नव्या वसाहतींमुळं फेऱ्या तर दुप्पट झाल्या होत्या. कुणीतरी फोटो पुसतंय, असा संशय तिच्या मनात बसला. फोटो गोळा करणारा आदिनाथ चहा घेऊन आला, तरी ती त्याच्याशी धड बोलली नाही.

तिनं फोटो मोजले. फेऱ्यांच्या हिशोबानं ते पुरेपूर होते. पण उघडून बघितले तर टँकरचा नंबरच वाचता येईना.

"आदिनाथ, हे असे अंधुक कशानं?"

"ताई, जागा संपत आली म्हणलात ना तुम्ही. म्हणून ॲपमधी फोटोची साइज लई कमी केली."

तिनं साइज पूर्ववत करायला लावली. आता महिन्याला तीस जीबी लागणार, म्हणजे प्लॅन मे संपायच्या आतच भरणार होता. मोठा प्लॅन घ्या, असं तिनं साहेबांना कळवलं. आदिनाथवरचा संशय फिटला होता. पण मार्चच्या फेऱ्या खऱ्या होत्या का, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.