निशिगंधाताईंचा हात

आमच्या ऑफिसात कुणी काही लिहून दिलं की निशिगंधाताई आधी कपाळाला हात लावतात, मग कीबोर्डला. त्या मजकूर वाचत नाहीत, वाचता वाचता बदलतात. पहिल्या परिच्छेदाशी कुरकूर सुरू होते, तिसऱ्याशी "अरे देवा" येतं, आणि शेवटापर्यंत मूळ लिहिणाऱ्याचं नाव तेवढं शिल्लक राहतं. मी शेजारच्या टेबलावर चित्रं आणि मांडणी करते, त्यामुळे हे सगळं मला रोज फुकटात ऐकायला मिळतं.

शांती नगरात एका फरसाणवाल्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. कंपन्यांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहायचा, हा धंदा. भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याचं मोठं काम मिळालं आणि त्याच आठवड्यात आमचा एकुलता एक लेखक सोडून गेला. तेव्हापासून ताई लिहिणार, ताईच तपासणार. मान धरलेली, डोळे लाल. मालक जितेंद्रभाईंनी सांगून टाकलं, "निशिगंधाबेन, सोमवारपर्यंत माणूस नक्की करा. नाय जमलं तर तुम्ही आहातच ना!" ते 'आहातच ना' ताईंच्या जिव्हारी लागलं. या वेळी धड माणूस मिळाला नाही, तर दोघांचं काम त्यांच्याच गळ्यात पडणार होतं, आणि चुकीचा मिळाला तरी तेच.

जाहिरात त्यांनी स्वतः लिहिली होती. लेखनाचे नमुने हवेत, भांडी आणि स्वयंपाकघर या विषयाची माहिती हवी, संपादनाचा अनुभव हवा. आणखी किती सोपं लिहायचं?

आणि अर्ज काय आले! एकाने लिहिलं, 'नमुने मागितल्यास देण्यात येतील.'

"अहो, मागितलेत ना!" ताई स्क्रीनवर ओरडल्या. "जाहिरात म्हणजे काय आरती होती का?"

एकाचा संपादनाचा अनुभव म्हणजे कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. एकीचे नमुने वाचायला गुळगुळीत होते, पण त्यात ठणकावून सांगितलं होतं, की भांड्याला चुंबक चिकटलं म्हणजे स्टील नकली. "मग इंडक्शनवर हिचा कुकर तापणार कसा? तिथे तर बुडाला चुंबक चिकटायलाच हवं!" असं म्हणत ताईंनी तो अर्ज बाद केला. दिवसभर त्यांचा चष्मा डोक्यावर आणि नाकावर ये-जा करत होता.

मग नीरजचा अर्ज आला. गोडदेवचा मुलगा, तीन नमुने, तिन्ही गृहिणींसाठीच्या एका नावाजलेल्या वेबसाइटवर प्रसिद्ध झालेले, तिन्ही भांड्यांवर. ताई वाचायला लागल्या आणि कुरकूर थांबली. मी दचकून वर पाहिलं.

"दिव्या, हा लिहितो गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "बघ, मला एक शब्द हलवावासा वाटत नाही."

जितेंद्रभाई तर केबिनमधून उडीच मारून आले. "बस! उद्या बोलाव. आपला टेन्शन संपला."

ताईंनी मला कौतुकाने एक वाक्य वाचून दाखवलं. 'घाई असेल तर वरणभात करा, पण कुकरची शिट्टी धुवायला सवड काढा.' मी ऐकलं आणि हातातलं चित्र सोडून त्यांच्याकडे वळले. कारण 'घाई असेल तर वरणभात करा' हे वाक्य मी त्या खोलीत रोज ऐकते. भाई काम लवकर मागायला लागले की ताई हेच म्हणतात.

"ताई," मी म्हटलं, "हे तुमचं आहे."

"माझं कसं असेल? नाव नीरजचं आहे."

"ती वेबसाइट बघा ना. तुम्ही आधी तिथेच होतात."

त्यांनी तिन्ही नमुने पुन्हा उघडले, आणि या खेपेला चेहरा उतरत गेला. तिथे बाहेरचे लेखक ईमेलने मजकूर पाठवायचे आणि डेस्कवर ताई सगळ्यांचा रोज फडशा पाडायच्या. कुणाचं काय होतं, हे त्यांना आठवायचं कारणच नव्हतं. एक शब्द हलवावासा का वाटला नाही, हे आता आम्हा दोघींना कळलं.

ताई तिरीमिरीत उठल्या आणि नीरजला फोन लावला. स्पीकरवर. मला वाटलं, आता पोराची खैर नाही.

"हे नमुने छापून येण्याआधी तुम्ही जे पाठवलं होतं, तो पहिला मसुदा आहे का?"

"नाही मॅडम, तो कोण ठेवतं?" नीरज सरळपणे म्हणाला. "तिकडचे एडिटर थोडं इकडेतिकडे करायचे बहुतेक. पण कधी काही परत नाय आलं. परत आलं नाही म्हणजे चांगलंच लिहितोय, असंच समजलो ना मी."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. ताईंनी "कळवते" म्हणून फोन ठेवला. मग बराच वेळ टेबलावरच्या पेनांची टोपणं लावत बसल्या.

"चिडायचं तरी कुणावर?" त्या म्हणाल्या. "मीच याला कधी सांगितलं नाही. परत पाठवायचा कंटाळा. त्यापेक्षा पटकन आपणच करून टाका! अशी किती पोरं माझी वाक्यं घेऊन फिरत असतील गं?" त्यांचे डोळे भरले होते. रागही होता, तो मात्र कुठे ठेवावा ते त्यांना समजत नव्हतं.

मग त्यांनी बाद झालेल्या अर्जांतून एक वर काढला. पालीची रीमा. भाईंनी तो पाहताच बाजूला सारला होता, कारण नमुने म्हणजे नुसती लाल खाडाखोड. तिने छापलेल्या लेखासोबत पहिला मसुदाही जोडला होता, वर संपादकाच्या शेऱ्यांसकट. मसुद्यात तिने लिहिलं होतं, की स्टीलला डाग पडतच नाहीत. शेजारी संपादकाचा प्रश्न होता: 'खरंच?' पुढच्या मसुद्यात तिने ते सुधारलं होतं: गार पाण्यात मीठ टाकून तसंच ठेवलं तर तळाला बारीक खळगे पडतात, म्हणून पाणी उकळल्यावर मीठ घाला. शिवाय दुसऱ्या कुणाचा लेख तिने कसा तपासला, त्याचं आधीचं आणि नंतरचं पान होतं, त्या लेखिकेचं नाव झाकून.

"ही पण चुकते की!" भाई म्हणाले.

"चुकते. पण कुठे चुकली, कशी सुधारली, ते मला दिसतंय. त्या पोराच्या कागदावर मला मीच दिसतेय, भाई. मला माझी परीक्षा घ्यायची नाहीये."

रीमाला बोलावलं. ऑफिसात बसवून चुंबकवाला मजकूर तपासायला दिला. तिने चुंबकाची चूक पकडली, "हे न्हाय चालणार" असं स्वतःशी पुटपुटत कापली आणि इंडक्शनचं कारण समासात लिहिलं. शेवटचं वाक्य मात्र फार लांबवलं.

ताईंचा हात कीबोर्डकडे गेला. मी शेजारून बघत होते. बोटं चुळबुळली, एक अक्षर उमटलंसुद्धा. मग त्यांनी ते खोडलं, वाक्याशेजारी लिहिलं, 'लांब झालंय, दोन करा', आणि पान परत पाठवलं. हे करताना त्यांना दाढ काढल्यासारखं झालं असणार.

पान परत आलं. दोन वाक्यं झाली होती, नीट. ताईंनी ती पुन्हा पुन्हा वाचली.

"मी असं लिहिलं नसतं," त्या म्हणाल्या. त्यांना ते फारसं आवडलेलं नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. दोन्ही हात मांडीखाली दाबून त्या म्हणाल्या, "भाई, हिला घ्या."

आणि मग नीरजला पत्र लिहायला बसल्या. त्याचा ताजा, कुणी हात न लावलेला एक लेख त्यांनी मागवून घेतला, आणि एकही शब्द न बदलता, समासात शेरे लिहून, त्याला परत पाठवला.