एक पेटी कमी

आमच्या कारखान्यात ब्लँकेट तपासणाऱ्या मामांना सगळे उजेडमामा म्हणत. प्रत्येक ब्लँकेट ते खिडकीपाशी उजेडासमोर धरत आणि धाग्याचा दोष दिसला की बाजूला टाकत. मालकांशीही यावरून त्यांची जुंपायची. मी निर्यातीचे कागद करते, तेव्हा खडूसपणात मीही काही कमी नाही. आमचं छान जमायचं.

ती मोठी ऑर्डर लेटर ऑफ क्रेडिटवर होती, म्हणजे परदेशी बँकेची हमी: अटींप्रमाणे कागद द्या, पैसे घ्या. अट होती बाराशे नग, सगळे एकाच खेपेत. मालकांनी लोकर उधारीवर उचलली होती. हे पैसे बुडाले तर कारखान्याला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कंटेनर भरला त्या दिवशी मी रजेवर होते. मामांनी शेवटची बारा ब्लँकेटं नापास केली आणि एक पेटी कमी भरून कंटेनर बंद करायला लावला. पॅकिंग लिस्ट माझ्या हातात आली तेव्हा बोट सुटली होती. मी तडक मामांच्या खिडकीपाशी गेले.

"मामा, कुणाला तरी विचारायचं ना!"

"खराब माल पाठवायचा होता का?" ते शांतपणे म्हणाले.

मालक म्हणाले, बिलावर बाराशेच लिहून टाक. पण बोटवाल्यांच्या पावतीवर पेट्या कमीच होत्या. शिवाय खोटं मी लिहिणार नव्हते. गिऱ्हाइकाकडे अट बदलून मागितली, तर उत्तरच नाही. मुदत संपत आली, तसे आहेत ते कागद बँकेत दिले. परदेशी बँकेने ते नाकारले: नग कमी आहेत. गिऱ्हाइकाने मनात आणलं असतं, तर त्याला ते कागद तरीही स्वीकारता आले असते. पण तिकडे भाव पडले होते. त्याने निम्मी किंमत देऊ केली.

मामा माझ्यासोबत आमच्या बँकेत आले, काखेत एक ब्लँकेट घेऊन. साहेबांच्या टेबलावर त्यांनी ते उलगडलं. साहेब भला माणूस. त्यांनी हात फिरवून पाहिलं.

"काका, माल उत्तमच असणार. पण बँका माल बघत नाहीत, कागद बघतात."

"मग माल बघतं कोण?" मामांनी विचारलं. साहेबांनी कागदांची फाईल माझ्याकडे सरकवली. मामांनी ब्लँकेटची घडी घातली. मला त्यांच्याकडे बघवेना.

माल परदेशी बंदरात पडून भाडं चढत होतं. मालकांनी निम्मी किंमत घेतली, पण लोकरवाल्याचेही पुरे फिटले नाहीत. महिनाअखेर कारखाना बंद करायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी मामा माझ्या टेबलाशी आले. पाठीवरच्या गाठोड्यात ती बारा नापास ब्लँकेटं होती. एकेक धागा ओवून त्यांनी रफू केली होती. एक खिडकीपाशी धरून म्हणाले, "बघ, दिसतोय का कुठे दोष?"

मी खूप शोधलं. कुठेच दिसत नव्हता.

"मग ही आता पाठवता येतील ना?"