परत आलेले तीन गाऊन

महाडच्या घरातून मी बायकांचे सुती गाऊन शिवून विकायचे. भाच्याने वेबसाइट करून दिली, तेव्हा सायबर कॅफेत जाऊन ऑर्डरीच्या ईमेल वाचायची मला कोण हौस! आधी पैसे भरायला कोणी धजत नसे, म्हणून सगळा माल व्ही.पी.ने जायचा. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पार्सल घ्यायचं. घेतलं नाही तर ते मुकाट परत, आणि टपालखर्च माझ्या बोकांडी.

पोलादपूरच्या एका शाळेतल्या शिक्षिकेच्या नावाने गेलेली तीन पार्सलं अशी परत आली. तिसऱ्याच्या वेळी माझं टाळकं सटकलं. ऑर्डरीतला नंबर फिरवला, तो शाळेचा निघाला. शिपायाने उचलला.

"बाय वर्गावर हायत. काय निरोप देऊ?"

"सांगा त्यांना, गाऊन मागवायचे आणि परत पाठवायचे, हे धंदे बंद करा!"

फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

चार दिवसांनी ती दारात उभी. पंचविशीची, खांद्याला पर्स, एस.टी.ने आलेली. शिपायाने निरोप भर शिक्षकखोलीत दिला होता. तेव्हापासून ती आत आली की बोलणं थांबायचं. लग्न ठरत आलं होतं आणि मुलाचे काका त्याच शाळेत शिकवत.

"मी काहीच मागवलेलं नाही, ताई. तुमच्याकडे ऑर्डरीची वेळ असेल ना?"

ईमेलच्या छापील प्रती मी फाइलला लावून ठेवत असे. तिन्ही ऑर्डरी मंगळवारच्या, सकाळी साडेअकराच्या आसपासच्या. त्या तासाला ती आठवीच्या वर्गावर असायची आणि शाळेत कॉम्प्युटर नव्हता. कुणीतरी तिच्या नावावर खोड्या काढत होतं, आणि त्याचं उरलेलं काम मी फोनवरून फुकटात करून दिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोण असेल, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तेव्हापासून मात्र फोनवर खुद्द गिऱ्हाईक 'हो' म्हणेपर्यंत मी पार्सल बांधत नसे. त्यापायी बऱ्याच ऑर्डरी गेल्या.

"मुख्याध्यापकांच्या नावाने लिहून द्या," त्या दिवशी ती म्हणाली. धंद्याची चूक कागदावर द्यायला मन कचरत होतं. तरी लेटरहेडवर लिहिलं, 'तीन पार्सले बाईंच्या नावे चुकीने पाठवली गेली.' खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने तो सावकाश वाचला. मग वही तपासावी तशी पर्समधून लाल पेन काढून 'चुकीने' खोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"चुकीने नाही, ताई. 'त्यांना न विचारता' लिहा."

मी लिहिलं.