अर्ध्या तिकिटाचं बिल

लहानपणी सफूराने दाराआडून अब्बांचं त्यांच्या कामावरच्या मालकाशी खर्चाच्या पैशांवरून झालेलं भांडण ऐकलं होतं. "पावती नाय, तर पैसा नाय," मालक ओरडला होता. तेव्हापासून ती चिटोरंसुद्धा जपते.

आता ती पनवेलच्या शिलाई मशीन कंपनीतर्फे गावोगावच्या बायकांना मशीन शिकवते. महाडच्या फेरीचं बिल तिने दिलं. एसटीचे जाऊन-येऊन दोनशे दहा, जेवणाचे एकशेवीस, दोन्हींच्या पावत्या जोडलेल्या. रिक्षाचे ऐंशी, त्याला पावती नसते म्हणून कंपनीच्या नियमांतल्या कलम सातप्रमाणे सहीनिशी लेखी निवेदन.

हिशेबनीस हितेशसाहेबांनी बिल परत सरकवलं. "सफूराबाई, आमच्या तक्त्यात भाडं दुप्पट आहे. तिकिटं बनावट दिसतात."

जन्मात एसटीत न बसलेला माणूस तिकिटं पारखायला बसला!

"साहेब, एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं. आणि तुमच्याच नियमांत कलम चार वाचा, प्रत्यक्ष झालेला खर्च द्यायचा. खोटंच करायचं असतं तर दुप्पट नसतं का लिहिलं?"

साहेबांनी नियमांची वही उघडली. पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यांनी कलम वाचलं, सही ठोकली, पण तोरा काही सोडला नाही. "पुढच्या वेळी आधी सांगत जा!"

"सांगेन की," सफूरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मशीनची पेटी उचलून ती नेहमीसारखी, साहेबांना काही न सांगताच, रोह्याच्या एसटीला गेली.