वीस डोकी, छप्पन्न पाय

रोह्यात मी घरी शिकवण्या घ्यायचे तेव्हाची गोष्ट. धाटावच्या कंपनीतून शिफ्ट सुटल्यावर शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ चिठ्ठी घेऊन दारात उभे राहिले. चिठ्ठीवर मुलीच्या गृहपाठातलं गणित होतं: कोंबड्या आणि शेळ्या मिळून डोकी वीस, पाय छप्पन्न, तर प्रत्येकी किती?

"यत्ता कितवी?" मी विचारलं.

"गणिताला यत्ता कशाला पायजे? उत्तर द्या."

"बारा कोंबड्या, आठ शेळ्या. पण मार्क रीतीला असतात. नववीत असेल तर दोन समीकरणं मांडायची. पाचवीच्या पोराला क्ष आणि य कुठून कळणार?"

"येत नाय तर सरळ सांगा ना, मॅडम."

माझं टाळकंच सरकलं. "स्वतःची मुलगी कितवीत आहे ते सांगता येत नाही का तुम्हाला?"

ते गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "पाचवीत."

मी रागारागात पाचवीची रीत खरडली. सगळ्या कोंबड्याच धरल्या तर पाय चाळीस. सोळा जास्त आहेत. शेळीला दोन पाय जास्त, म्हणून शेळ्या आठ.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली आणि वही माझ्यासमोर आपटली. रीतीवर लाल फुली होती आणि खाली शेरा: समीकरणे मांडा.

"मी नववीत हाय," ती म्हणाली.

"तुझे बाबा पाचवी म्हणाले."

"व्हय. त्यांनी शेवटचं विचारलं तवा मी पाचवीतच होते."