फिनेलचे आठ कॅन

लातूर-नांदेड रस्त्यावर एक माळ आहे. त्याच्या जवळून जाताना एसटीतले लोक कुणी न सांगता खिडक्या लावून घेतात. माळावर गावाचा कचरा डेपो आहे आणि डेपोच्या उताराला, तारेच्या कुंपणाआड, गुरुपादप्पा सहा वर्षांपासून राहतो. खोली एक, बाज एक, खुर्ची एक. दुसरी खुर्ची आणून ठेवायची कुणासाठी?

कचऱ्याच्या डोंगरातून झिरपणारं काळं पाणी शुद्ध करायचा तिथं प्लांट आहे आणि तो चालवतो गुरुपादप्पा. त्या पाण्याला सगळे लीचेट म्हणतात. डोंगराखाली अंथरलेल्या पाइपांतून ते जाड प्लास्टिकनं मढवलेल्या तळ्यात जमतं. तळ्यातून पंपानं पहिल्या टाकीत येतं, तिथं हवा सोडत नाहीत. तिथून दुसऱ्या टाकीत जातं, तिथं ब्लोअर चोवीस तास घरघरत हवा सोडतो. या दोन टाक्यांत जिवाणू असतात. हवेच्या टाकीतले घाण खातात आणि अमोनियाचं नायट्रेट करतात. ते पाणी फिरवून पुन्हा पहिल्या टाकीत आणलं, की तिथले त्या नायट्रेटचा साधा वायू करून सोडून देतात. मग पाणी मेम्ब्रेनच्या, म्हणजे गाळणीच्या पडद्याच्या, बारीक छिद्रांतून गाळायचं, सगळ्यात शेवटी आरओतून काढायचं आणि कडेच्या झाडांना द्यायचं. राहिलेलं खारं पाणी वेगळ्या टाकीत.

साहेब लोक या जिवाणूंना बायोमास म्हणतात. गुरुपादप्पा त्यांना जित्राबं म्हणतो. जुन्या कचऱ्याच्या पाण्यात त्यांना खायला फारसं उरत नाही, म्हणून तो रोज सकाळी आंघोळ आणि लिंगपूजा आटोपून बादलीत गूळ कालवतो आणि पहिल्या टाकीत ओततो. त्याच्या जेवणाची वेळ चुकेल, त्यांची चुकत नाही. आधी एकवीस वर्षं त्यानं साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर काढली होती. कारखाना बंद पडला, पाठोपाठ बायको नीलाबाई गेली, आणि दोन्ही धक्के एकाच वर्षात पचवून तो इथं आला.

इथं आल्यावर लोक दुरावले. म्हणजे भांडून नव्हे. चहाच्या टपरीवर तो बसला की शेजारच्याला एकदम काहीतरी काम आठवे. मुलीच्या, मंजुश्रीच्या, लग्नातही त्याच्या शेजारचं पान रिकामं राहिलं. एकदा जावयानं त्याला आपल्या पांढऱ्या गाडीतून सोडलं, तेव्हा ऐन थंडीत चारी काचा खाली होत्या. जावई बिचारा काही बोलला नाही. पण गुरुपादप्पानं त्या काचा मनात धरल्या त्या धरल्याच. लेक अर्धापूरला, केळीच्या व्यापाऱ्याच्या घरात. दोन तासांचा रस्ता. तरी तो चार वर्षांत तिकडं फिरकला नाही. नात तीन वर्षांची झाली, ती त्याला फोनच्या काचेतून ओळखू लागली. आपण गेलो तर पोरीच्या घरात वास राहील, असं त्यानं स्वतःचं स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि असले ठराव एकट्या माणसाचे फार पक्के असतात.

भाद्रपदात मंजुश्रीचा फोन आला. "अप्पा, येत्या रविवारी लातूरला कार्यक्रम हाय. जाताना तुमच्याकडं थांबतो. पोरीला बी दाखवायचंय तुमचं सगळं."

"हाव, या की," एवढंच तो म्हणाला.

मग त्याला जी हौस आली, ती बघायला तिथं कुणी नव्हतं. बुधवारी तो गावात गेला आणि काळ्या फिनेलचे पाच-पाच लिटरचे आठ कॅन घेऊन आला. डेपोवर साहेबांच्या पाहणीसाठी आलेलं ब्लिचिंग पावडरचं पोतं पडलं होतं, तेही ओढलं. खोली धुतली, ओटा धुतला, जिने धुतले, पंपाची खोली धुतली. फिनेल आधी आणि मध्ये पाणी मारून ब्लिचिंग नंतर, कारण दोन्ही एकमेकांत मिसळायची नसतात, एवढी अक्कल शाबूत होती. पण धुतलेलं पाणी कुठं जातं, ही अक्कल मात्र त्या दिवशी कुठं गेली होती, देव जाणे. प्लांटच्या फरशीची सगळी गटारं एका खड्ड्यात उतरतात आणि तिथला पंप ते पाणी सरळ हवेच्या टाकीत टाकतो. गटाराच्या जाळीवर पाटी आहे: फिनेल, ॲसिड टाकू नये. पाटी गुरुपादप्पानंच रंगवलेली. त्यानं ती पाटीसुद्धा फिनेलनं पुसून लख्ख केली.

शुक्रवारी सकाळी टाकीतल्या ऑक्सिजनचा आकडा सहावर दिसला. रोज दोन असतो. ब्लोअर तेवढाच, हवा तेवढीच. नवख्याला वाटलं असतं, वा, हवा वाढली. गुरुपादप्पाला कळायचं ते कळलं. हवा तेवढीच असून पाण्यात उरते, याचा अर्थ ती घेणारं कुणी राहिलं नाही. त्यानं काचेच्या भांड्यात टाकीचं पाणी घेऊन अर्धा तास ठेवलं. रोज तपकिरी गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी येतं. आज वर नुसतं राखाडी गढूळ. अमोनियाच्या चाचणीची नळी गर्द पिवळी झाली, म्हणजे अमोनिया तसाच पडून होता. मेम्ब्रेनवरचा दाब चढत होता, कारण मेलेल्यांचा चिकट लगदा तिची छिद्रं बुजवत होता. त्यानं मेम्ब्रेन बंद केली, तळ्याचा पंप बंद केला, आणि मग वाकून टाकीचा वास घेतला. वास फिनेलचा होता.

तो कठड्याला धरून खाली बसला. सहा वर्षं ज्यांना सांभाळलं त्यांना आपण आपल्या हातानं मारलं, आणि कशासाठी, तर पाहुण्यांना चांगलं वाटावं म्हणून. त्याला रडू आलं, आणि तिथं लाजायला कुणी नसल्यामुळं तो रडला.

पाऊस मात्र रडण्यासाठी थांबत नव्हता. तळ्याच्या काठाला दीड फूट उरला होता. प्लांट बंद आणि पाऊस चालू म्हटल्यावर हिशेब पोरालाही कळेल: आठवड्यात तळं भरून वाहणार, पाणी नाल्याला लागणार, आणि नाल्याखाली साखराबाईची विहीर. वस्तीची सात घरं त्या विहिरीवर.

ठेकेदाराचा सुपरवायझर वैजनाथ आला. त्यानं सगळं ऐकलं आणि मान खाजवली. "मामा, तुम्ही बी कमाल करून राहिले. रात्रीतून थोडं थोडं नाल्याला सोडा. पावसात कोन बघायलंय? आन् विचारलंच कुनी, तर म्हणा बाहेरच्या टँकरनं कायतरी आणून वतलं. तुमची नोकरी बी ऱ्हाईल, माझी बी."

"विहीर?"

"पावसाचं पानी लई हाय, मिसळून जातंय."

गुरुपादप्पानं त्याच्याकडं पाठ केली. मग पालिकेच्या इंजिनियर लुंबिनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, टाकी मेली. म्याच मारली. फिनेलनं." कशासाठी धुतलं हेही सांगितलं. लपवावं असं मनात आलं होतं, पण अर्धं खरं सांगायला जास्त डोकं लागतं आणि त्याच्याजवळ ते शिल्लक नव्हतं.

मॅडम तासाभरात आल्या. वय तिशीच्या आत, बूट चिखलात. आधी त्यांनी ऐकवायचं ते ऐकवलं, आणि त्यांचा प्रत्येक शब्द बरोबर होता. नोटीस निघेल म्हणाल्या. मग बाही सारून विचारलं, "नव्या जिवाणूंचं बी कुठून आणायचं?"

"नांदेडकडं मैलापाण्याचं केंद्र हाय. तिथला जिता गाळ टँकरनं आला तर टाकी पुन्हा उभी ऱ्हाईल. पण अमोनिया खाणारी लई हळू वाढतात. तीन आठवडे तरी."

"तोवर तळं थोपवायचं."

कचऱ्यावर पडणारा पाऊसच कचऱ्यात मुरू द्यायचा नाही, असं ठरलं. दहा माणसं लावून डोंगराचा उतार ताडपत्रीनं झाकला. म्हणजे वरचं पाणी कचऱ्याला न लागता बाहेरच्या चरानं निघून जाईल.

त्याच संध्याकाळी गुरुपादप्पानं मंजुश्रीला फोन केला. "बाळ, रविवारी नका येऊ. टाकी बिघडली. वास लई सुटलाय."

"बरं," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "बरं अप्पा." त्या 'बरं'मध्ये त्याला सुटकेचा निःश्वास ऐकू आला. रविवारी दुपारी तो रस्त्याकडं तोंड करून बसला आणि जाणारी प्रत्येक पांढरी गाडी त्यानं दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

पुढचे दिवस तो टाकीपासून फारसा हलला नाही. दोन टँकर गाळ आला. पहिले दोन दिवस लीचेट थेंबभरही दिलं नाही, नुसती हवा आणि चिमटीनं गूळ. मग तळ्यातलं थोडं पाणी, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. आजारी जनावराला पेज पाजावी तसं. तळं चढत चढत काठाला चार बोटं राहिलं आणि तिथं दोन दिवस अडून राहिलं. त्या दोन दिवसांत तो साखराबाईच्या विहिरीवर चार वेळा जाऊन आला. साखराबाईनं विचारलं, "काय हुडकून राहिले?" तो म्हणाला, "काही न्हाई, पानी बघालो."

सतराव्या दिवशी ऑक्सिजनचा आकडा चारवर आला, विसाव्या दिवशी अडीचवर. भांड्यात तपकिरी गाळ बसू लागला. अमोनियाची नळी फिकट झाली. मेम्ब्रेन औषधानं धुऊन पुन्हा लावली. या खेपेला ते धुतलेलं पाणी कुठं जातं, हे त्यानं तीनदा वाकून पाहिलं. बाविसाव्या दिवशी तळं बोटभर उतरलं. मॅडमनी फोनवर "छान" म्हटलं. नोटीस येणार होतीच, ती आलीच. पण काम काढून घेतलं नाही.

एवढं मोठं झालं आणि सांगायला माणूस नाही. शेवटी न राहवून त्यानं मंजुश्रीला फोन लावला. टाकी कशी मेली, ते पहिल्यापासून सांगितलं. फिनेलचंही.

मंजुश्रीनं मधेच अडवलं.

"आम्ही येणार म्हणून धुतलं?"

"तुमच्या घरच्यांना वास सोसत न्हाई, बाळ. मला ठावं हाय. जावयांनी काचा उघडल्या होत्या."

"अप्पा, त्या दिवशी गाडीत केळीचा माल नासला होता. ह्यांनाच लाज वाटून राहिली होती." तिचा आवाज बदलला. "तुम्ही कारखान्यातून यायचे, तवा मळीचा वास यायचा. आई म्हणायची, आधी आंघोळ करू दे त्यांना. मी तरी मांडीवर येऊन बसायचे. आता वासाचं कुनी सांगितलं तुमाला? चार वर्षांत तुम्ही एकदा बी या म्हणला न्हाईत. मला वाटायचं, आईच्या माघारी आमी तुमाला नकोसे झालो. त्या रविवारी बी आमीच आपणहून निघालो, तर तुमी म्हणला, नका येऊ."

गुरुपादप्पानं फोन कानाशी घट्ट धरला. आपण त्यांना नकोसे आहोत, या एकाच गोष्टीला चार वर्षं दोन्ही घरं भीत बसली होती, आणि त्यातलं निम्मं भय त्यानं एकट्यानं वाढवलं होतं. त्याला बरंच काही म्हणायचं होतं.

"मंजू," तो शेवटी म्हणाला, "मला लई एकटं वाटतंय. तुम्ही या."